लेखी कैफियत : ‘सर्व आरोप खोटे’ एवढ्यावर भागत नाही

कौटुंबिक न्यायालयाचे समन्स घरी येते. सोबत पतीने केलेल्या घटस्फोटाच्या अर्जाची प्रत असते आणि तिच्यात ‘पत्नीच्या क्रूर वागणुकीची’ पानेच्या पाने जंत्री असते. ती वाचून हादरलेल्या वाचक भगिनी आम्हाला वारंवार दोनच प्रश्न विचारतात. पहिला : हे सगळे धादांत खोटे आहे, मग ‘सर्व आरोप खोटे असून मला मान्य नाहीत’ असे एका ओळीत लिहून दिले तर काय बिघडले? दुसरा याच्या अगदी उलट : त्यांनी माझी एवढी बदनामी केली आहे, तर मीही पन्नास पाने भरून त्यांचे वाभाडे का काढू नयेत?

एका ओळीत उत्तर दिले, तर न नाकारलेल्या गोष्टी मान्य केल्यासारख्या होतात. वाभाडे काढले, तर जो क्रूरपणा आजवर झालाच नव्हता तो तुमच्याच कागदावर तयार होऊ शकतो. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे परिच्छेदनिहाय उत्तर, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे. इथे हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम १३(१)(आय-ए) खालचा, म्हणजे क्रूरतेच्या कारणावरचा अर्ज गृहीत धरला आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख दांपत्यांनाही लागू होतो. नोंदणी पद्धतीने, विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर कलमे बदलतात, पण उत्तर लिहिण्याची रीत तीच राहते. गोव्यात नोंदलेल्या विवाहांना मात्र तिथला नागरी कायदा लागतो, तेव्हा तिथल्या वाचकांनी कलमांसाठी या लेखावर विसंबू नये.

आधी तारीख सांभाळा

समन्स नाकारू नका. ‘घेतलेच नाही तर खटला चालणार नाही’ हा गैरसमज अजून पुष्कळ घरांत आहे. समन्स नाकारले तरी ते बजावले गेले असे धरता येते, आणि तुम्ही गैरहजर राहिलात तर अर्ज एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूम झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी साधारण ३० दिवसांत, योग्य कारण दाखवून अर्ज करावा लागतो. एक पान लिहिण्याचा कंटाळा केल्याची ती फार महाग किंमत आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कारण नोंदवून न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतर दार कायमचे बंद होते असे नाही. कैलाश विरुद्ध नन्हकू (२००५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी मुदत न्यायालयाचे हात पूर्णपणे बांधत नाही, मात्र सवलत अपवाद म्हणूनच मिळेल. प्रत्यक्षात काय होते? मुदत टळली की रोजनाम्यावर ‘नो डब्ल्यू. एस.’ असा आदेश होतो. मग तो रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि न्यायालय तो मान्य करताना बहुधा काही खर्चही भरायला लावते. म्हणून पहिल्याच तारखेला हजर राहा, अर्जाची आणि सोबतच्या सर्व कागदांची प्रत मिळाली का ते पाहा, आणि एखादा कागद मिळाला नसेल तर तसे लेखी मागा.

वकील देण्याबाबतही गोंधळ असतो. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे वकील लावणे हा तिथे हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीलाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ‘माझा पगार आहे, मला कोण देणार’ असे समजून कित्येक जणी तिथे फिरकतच नाहीत.

अर्ज दूरच्या शहरात दाखल झाला असेल आणि तो तुमच्या गावच्या न्यायालयात वर्ग करून हवा असेल, तर त्यासाठी उच्च न्यायालयात (दुसऱ्या राज्यात असेल तर सर्वोच्च न्यायालयात) वेगळा अर्ज करावा लागतो. स्थगिती मिळेपर्यंत मूळ न्यायालयातल्या तारखा चालूच असतात, हे विसरू नका.

तुम्हाला काय हवे आहे?

लिहायला बसण्यापूर्वी हे ठरवा, कारण कैफियतीचा सूर त्यावर अवलंबून असतो.

- नांदायचे आहे. मग नकारासोबत तसे स्पष्ट लिहा, आणि पुढे न्यायालयातल्या समुपदेशकांसमोरही तेच सांगा.
- घटस्फोट तुम्हालाही हवा आहे, पण हा ठपका घेऊन नाही. मग आरोप नाकारून कलम २३-अ खाली तुमच्या बाजूचा प्रतिदावा करता येतो, किंवा परस्पर संमतीचा मार्ग मोकळा ठेवता येतो.
- घटस्फोट नको आणि तूर्त एकत्र राहणेही शक्य नाही. हेही न्याय्य उत्तर असू शकते, पण वेगळे राहण्याचे कारण कैफियतीत आले पाहिजे.

‘एकदाचे सुटू दे’ म्हणून आरोपांना उत्तरच न देण्याचा मोह होतो. पण कायम पोटगी ठरवताना कलम २५ प्रमाणे दोन्ही पक्षांची वागणूकही पाहिली जाते. आज न नाकारलेले वाक्य तिथे तुमच्यापुढे ठेवले जाईल.

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी, की पतीचा अर्ज फेटाळला गेला तर कलम २५ ची कायम पोटगी त्या खटल्यात मिळत नाही. चांद धवन विरुद्ध जवाहरलाल धवन (१९९३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. म्हणजे तुम्ही जिंकलात आणि वेगळ्याच राहिलात, तर पोटगीसाठी दुसऱ्या कायद्याखाली जावे लागेल : हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम १८, किंवा पूर्वीचे कलम १२५ म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. खटला चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च यांसाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा अर्ज कैफियतीसोबतच देता येतो. त्यासाठी कैफियत अडवून ठेवू नका. ‘आधी पोटगी, मग उत्तर’ असा हट्ट धरल्याने मुदत थांबत नाही.

नाकारणे म्हणजे काय

दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ८ चे तीन नियम इथे कामाचे आहेत. ढोबळ नकार पुरत नाही, प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर लागते. उत्तर गुळमुळीत नको. आणि जी गोष्ट स्पष्टपणे किंवा उत्तराच्या ओघात नाकारलेली नाही, ती मान्य केली असे धरले जाते. विवाहाच्या खटल्यात न्यायालयाला स्वतःची खात्री पटवून घ्यावी लागते. त्यामुळे एखादा परिच्छेद सुटला म्हणून लगेच घटस्फोट मिळतो असे नाही. पण उलटतपासणीत ‘हे तुम्ही कैफियतीत नाकारलेले नाही, खरे ना?’ हा प्रश्न हमखास येतो.

सिद्ध करण्याचा भार पतीवर असतो, तुमच्यावर नाही. मात्र फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा त्यांना द्यावा लागत नाही. काय घडले असण्याची शक्यता अधिक, एवढेच न्यायाधीश पाहतात. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली, पुण्याच्याच एका दांपत्याच्या खटल्यात, दास्ताने विरुद्ध दास्ताने या निकालात सांगितले. म्हणूनच नुसते ‘खोटे आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘खोटे आहे, आणि घडले ते असे’ म्हणणाऱ्याचे पारडे जड होते.

अर्जाची एक झेरॉक्स काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा : खरे, खोटे, मला माहिती नाही. परिच्छेदापुढे खूण करू नका, वाक्यापुढेच करा. अर्ज लिहिणारे वकील एका परिच्छेदात दोन खरी वाक्ये आणि त्यांच्या मध्ये एक खोटे ठेवतात. त्यात त्यांचा कावा असतोच असे नाही, पण तो परिच्छेद तुम्ही सरसकट मान्य किंवा अमान्य केला की अडकता.

तिसरी खूण जपून वापरा. पतीला कार्यालयात बढती मिळाली नाही, त्यांच्या आईचा रक्तदाब वाढला, अशा गोष्टींसाठी ‘मला वैयक्तिक माहिती नाही, अर्जदाराने ते सिद्ध करावे, त्याचा माझ्या वागणुकीशी संबंध असल्याचे मी नाकारते’ हे ठीक आहे. पण तुमच्यासमोर घडलेल्या प्रसंगाबद्दल ‘माहिती नाही’ हे उत्तर चुकवाचुकवीचे ठरते.

एक अर्ज घेऊन पाहू

पुढचे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातले आरोप रोज वाचायला मिळणारे आहेत. लग्न मे २०१८ मध्ये पुण्यात. २०२० मध्ये मुलगी. सासू-सासरे एकाच घरात. पत्नी बँकेत नोकरीला. ६ ऑगस्ट २०२३ पासून ती माहेरी. जून २०२५ मध्ये पतीचा अर्ज, आणि त्यात पतीला ‘अर्जदार’, पत्नीला ‘जाब देणार’ म्हटलेले आहे.

*परिच्छेद ३ : ‘विवाह पुणे येथे झाला, एक मुलगी आहे, विवाहाचा खर्च दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा केला.’*

पहिली दोन विधाने मान्य करायची. ती नाकारण्यात शौर्य नाही. उलट खऱ्या गोष्टीही नाकारणाऱ्याच्या बाकीच्या नकारांवरचा विश्वास उडतो. खर्चाचे विधान खोटे असेल तर तेवढेच वेगळे काढून नाकारा.

*परिच्छेद ५ : ‘विवाहापासूनच जाब देणार सतत भांडत असे, स्वयंपाक करीत नसे व अर्जदाराच्या आईवडिलांचा अपमान करीत असे.’*

हा मोघम आरोप आहे. त्यात तारीख, जागा, शब्द, साक्षीदार काहीच नाही. इथे मोठे स्पष्टीकरण देत बसू नका. प्रत्येक भाग नाकारा आणि मोघमपणा दाखवा :

‘मी सतत भांडत असे, स्वयंपाक करीत नसे, अर्जदाराच्या आईवडिलांचा अपमान करीत असे, हे तिन्ही आरोप खोटे असून मी ते नाकारते. अर्जदाराने कोणत्याही प्रसंगाची तारीख, ठिकाण वा तपशील दिलेला नाही. मी नोकरी सांभाळून सकाळचा स्वयंपाक करीत असे. सायंकाळच्या स्वयंपाकासाठी बाई होती व ती व्यवस्था घरातील सर्वांच्या संमतीने होती.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. वस्तुस्थिती लिहिली नाही, तर पुढे साक्षीत बाईचा विषय प्रथमच निघतो आणि समोरचे वकील ‘हे कैफियतीत कुठे आहे?’ म्हणून विचारतात. बाकी, स्वयंपाकावरून कुरबुर, उशिरा उठणे, माहेरी वारंवार फोन करणे, ही संसारातली नेहमीची खडखड आहे आणि एकेकट्या घटनेला न्यायालये क्रूरता म्हणत नाहीत. समर घोष विरुद्ध जया घोष (२००७) या निकालात क्रूरतेची उदाहरणे देताना सर्वोच्च न्यायालयाने हा फरक ठेवला आहे. वैवाहिक जीवन एकूण पाहायचे, सुटे प्रसंग उचलायचे नाहीत, असेही तिथे म्हटले आहे.

*परिच्छेद ६ : ‘वृद्ध आईवडिलांना सोडून वेगळे बिऱ्हाड करण्याचा सतत तगादा लावला.’*

हा परिच्छेद हलक्यात घेऊ नका. नरेंद्र विरुद्ध के. मीना (२०१६) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सबळ कारण नसताना पतीला आईवडिलांपासून तोडण्याचा सततचा दबाव ही क्रूरता ठरू शकते, असे म्हटले. म्हणजे उत्तरात ‘कारण’ आले पाहिजे. समजा तुम्ही खरोखर वेगळे घर घेऊ असे म्हटले होते, मुलीचे पाळणाघर आणि बँक यांच्या जवळ, आणि तसे मेसेजही पतीच्या फोनमध्ये आहेत. मग ‘असे मी कधीच म्हटले नाही’ हे लिहिणे आत्मघात आहे. लिहा की मार्च २०२१ मध्ये मुलीच्या पाळणाघराच्या सोयीसाठी जवळ घर घेण्याचा विषय काढला होता, आईवडिलांना सोडावे असे म्हटले नव्हते, अर्जदाराने नको म्हटल्यावर तो विषय संपला आणि त्यानंतरही तुम्ही दोन वर्षांहून अधिक काळ त्याच घरात एकत्र राहत होता. ‘तगादा’ हा शब्द नाकारायचा, घडलेले संभाषण नाकारायचे नाही.

*परिच्छेद ७ : ‘२४ ऑक्टोबर २०२२ रोजी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर अर्जदाराच्या आईला शिवीगाळ करून तिच्या अंगावर ताट फेकले.’*

तारीख, जागा, साक्षीदार असलेला हा आरोप आहे आणि खटल्याचे बरेचसे वजन इथे पडेल. समजा त्या दिवशी वाद खरोखर झाला होता, ताट मात्र कोणी फेकले नव्हते. बहुतेक जणी घाबरून ‘असा कोणताही प्रसंग घडला नाही’ असे लिहितात. मग पतीकडून दोन पाहुणे साक्षीला येतात, दोघेही वाद झाल्याचे सांगतात, आणि वादाबद्दल तुम्ही खोटे बोललात म्हणून ताटाबद्दलही खोटे बोलत असाल, असा निष्कर्ष सहज निघतो. त्यापेक्षा असे लिहा :

‘त्या दिवशी घरी पाहुणे होते व सायंकाळी माझ्या कामाच्या वेळेवरून सासूबाई व माझ्यात शाब्दिक वाद झाला, एवढे खरे आहे. मी शिवीगाळ केली, ताट किंवा अन्य कोणतीही वस्तू सासूबाईंच्या अंगावर वा इतरत्र फेकली, हे खोटे असून मी ते स्पष्टपणे नाकारते. त्या रात्री आम्ही सर्व एकत्र जेवलो. २६ ऑक्टोबर रोजी भाऊबीजेला अर्जदार माझ्यासोबत माझ्या भावाच्या घरी आले.’

‘किंवा अन्य कोणतीही वस्तू’ आणि ‘वा इतरत्र’ ही कातरकामाची भाषा वाटेल, पण नुसते ‘मी सासूबाईंच्या अंगावर ताट फेकले नाही’ लिहिले तर ‘म्हणजे जमिनीवर फेकले’ असा अर्थ काढायला जागा राहते.

*परिच्छेद ९ : ‘मार्च २०२३ मध्ये पोलिसांच्या भरोसा सेलकडे खोटी तक्रार करून कुटुंबाची मानहानी केली.’*

तक्रार केली असेल तर केली म्हणा. नाकारायचे ते ‘खोटी’ हे विशेषण. तक्रारीची प्रत काढा आणि तिच्यातले प्रत्येक वाक्य कैफियतीशी ताडून पाहा. तक्रारीत ‘जानेवारीपासून त्रास’ आणि कैफियतीत ‘लग्नानंतर दुसऱ्या दिवसापासून छळ’ असे असेल तर उलटतपासणीत या दोन वाक्यांवर निम्मा दिवस जाईल. घरगुती हिंसाचाराचा अर्ज, पोलिसांतला जबाब, पोटगीचा अर्ज या सर्व कागदांत तारखा आणि घटना एकच असल्या पाहिजेत. जुन्या कागदात चूक असेल तर ती कैफियतीत कारणासह दुरुस्त करा, लपवू नका.

*परिच्छेद १० : ‘६ ऑगस्ट २०२३ रोजी कोणास न सांगता आठ लाखांचे दागिने घेऊन निघून गेली.’*

इथे गुळमुळीत नकाराचा नमुना दिसतो. ‘मी आठ लाखांचे दागिने नेले नाहीत’ असे उत्तर दिले तर, सात लाखांचे नेले का? कायदा सांगतो की रक्कम नाकारताना तिचा कोणताही भागही नाकारा, किंवा नेमके काय ते सांगा. म्हणून : ‘निघताना माझ्या अंगावर मंगळसूत्र व दोन बांगड्या होत्या, त्या माझे स्त्रीधन आहेत. त्याव्यतिरिक्त कोणताही दागिना मी नेला नाही. माझे उरलेले दागिने सासूबाईंच्या ताब्यातील लॉकरमध्ये आहेत.’ त्याच परिच्छेदात घर का सोडले, कोणाला सांगून सोडले आणि परत येण्यासाठी काय प्रयत्न केले हेही लिहा. दागिन्यांची यादी कैफियतीसोबत जोडा.

जाता जाता याच अर्जातली एक उणीव. पतीने क्रूरतेबरोबर ‘परित्याग’ हेही कारण जोडले असेल, तर कायद्याला अर्ज दाखल करण्यापूर्वी सलग किमान दोन वर्षांचा काळ लागतो. ऑगस्ट २०२३ ते जून २०२५ ही दोन वर्षे होत नाहीत. असा हिशेब तुमच्या अर्जातही करून पाहा.

घडलेच असेल, तरी माफ झाले होते

कलम २३ प्रमाणे, क्रूरता सिद्ध झाली तरी पतीने ती माफ करून संसार चालू ठेवला असेल तर त्या कारणावर घटस्फोट देता येत नाही. दास्ताने खटल्यात नेमके हेच झाले. पत्नीची काही वागणूक क्रूरतेत मोडते असे सर्वोच्च न्यायालयाने मानले, पण त्यानंतरही दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले होते, म्हणून पतीने मागितलेली न्यायिक विभक्तता मिळाली नाही. पत्नीने हा मुद्दा मांडलाही नव्हता. कलम २३ मुळे तो पाहणे आपले कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले.

तुम्ही मात्र तो मांडा. अडचण एवढीच की ‘घडले नाही’ आणि ‘घडले ते माफ केले’ ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात. त्यासाठी पर्यायी बाजू वेगळ्या परिच्छेदात मांडतात : ‘वरील प्रसंग घडल्याचे मान्य न करता, पर्यायी म्हणणे असे की, ऑक्टोबर २०२२ नंतरही ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्जदार व मी एकाच घरात पती-पत्नी म्हणून नांदत होतो, डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही मुलीसह गणपतीपुळ्याला गेलो होतो.’ प्रवासाची तिकिटे, फोटो, वाढदिवसाचे मेसेज अशा वेळी कामाला येतात. मात्र एक मर्यादा आहे : माफ केलेली वागणूक पुन्हा घडली तर जुना प्रसंगही पुन्हा जिवंत होतो. त्यामुळे नंतरच्या काळातला एखादा आरोप तुम्ही ढिला सोडलात तर हा परिच्छेद वाया जातो.

प्रतिहल्ला करताना

आमच्या मते सर्वाधिक नुकसान इथे होते. रागाच्या भरात ‘अर्जदार मानसिक रुग्ण आहेत’, ‘त्यांचे कार्यालयातील बाईशी संबंध आहेत’, ‘सासऱ्यांनी माझ्यावर हात टाकला’ अशी वाक्ये घातली जातात. ती खरी असतील आणि सिद्ध करता येत असतील तर जरूर लिहा. तारीख आणि तपशिलासह लिहा, गप्प बसू नका. पण केवळ हिशेब चुकता करण्यासाठी ती लिहिलीत, तर तुमची कैफियतच पतीचा सर्वांत बळकट पुरावा होईल.

व्ही. भगत विरुद्ध डी. भगत (१९९४) मध्ये पतीने व्यभिचाराचा आरोप केला होता. उत्तरात पत्नीने त्यांना मानसिक आजार असल्याचे, उपचारांची गरज असल्याचे लिहिले. पुढे तिच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांच्या घराण्यात वेड असल्याचेही सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने हे आरोप हीच मानसिक क्रूरता धरली आणि पतीला घटस्फोट दिला. प्रत्येक खटल्यात आरोप केला की घटस्फोट असे समजू नये, असेही तिथेच म्हटले आहे. पण उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. विजयकुमार भाटे विरुद्ध नीला भाटे (२००३) हा खटला उलट बाजूचा : तिथे पतीने आपल्या कैफियतीत पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि नंतर दुरुस्ती करून ते काढून टाकले. तरी क्रूरता व्हायची ती झालीच, असे न्यायालयाने ठरवले. एकदा दाखल झालेले वाक्य मागे घेऊन पुसले जात नाही.

तेव्हा प्रत्येक प्रत्यारोपापुढे स्वतःला विचारा : याचा कागद कोणता, साक्षीदार कोण? दोन्ही नसतील आणि घटना बंद दाराआड तुमच्यासमोरच घडली असेल, तर ती साध्या शब्दांत, विशेषणांशिवाय सांगा. ऐकीव असेल तर काढून टाका. न्यायालयाच्या समुपदेशकांसमोर झालेले बोलणेही कैफियतीत आणू नका. ते गोपनीय असते.

शेवटची पाने

परिच्छेदनिहाय उत्तर संपल्यावर ‘वस्तुस्थिती’ या शीर्षकाखाली तुमची बाजू कालक्रमाने, दोन-तीन पानांत लिहा. मग विनंती : अर्ज खर्चासह फेटाळावा, आणि प्रतिदावा असेल तर त्यातील मागण्या. त्याखाली सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र. सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणते वकिलांच्या सल्ल्यावरून, हे सांगायचे असते. तिथल्या रिकाम्या जागा न भरता सही करू नका.

कैफियत इंग्रजीत तयार झाली असेल तर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ मराठीत समजून घ्या. साक्षीच्या पिंजऱ्यात ‘मला वाचून दाखवले नव्हते’ म्हणणे कैफियतीलाच कमकुवत करते. मराठी ही महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा आहे, तेव्हा मराठीतच लिहून द्या असा आग्रह वकिलांकडे जरूर धरा.

ज्या कागदांवर तुम्ही अवलंबून आहात ते यादीसह सोबत जोडा. मागाहून दाखल करायला परवानगी लागते. व्हॉट्सॲप संभाषणाच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. संभाषण सलग छापा, सोयीचे मेसेज निवडून नको. ज्या फोनवर ते आहे तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. पोटगी मागितली असेल तर रजनीश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाप्रमाणे मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावे लागते. तिथे पगार लपवलात तर कैफियतीतल्या नकारांचीही पत जाते.

दाखल केल्यानंतर

एक प्रत न्यायालयात, एक पतीच्या वकिलांना, आणि पोच असलेली एक तुमच्याजवळ. त्यानंतर न्यायालय वादाचे मुद्दे काढते. ‘पत्नीने क्रूर वागणूक दिल्याचे पती सिद्ध करतात का?’ हा मुद्दा पतीवर भार ठेवून काढला आहे ना, ते पाहा. मग आधी पतीची साक्ष आणि तुमच्या बाजूने त्यांची उलटतपासणी, नंतर तुमची साक्ष. कामकाज बंद खोलीत चालते, त्यामुळे कैफियतीतला खासगी तपशील चारचौघांत वाचला जाईल ही भीती नको.

‘इतकी वर्षे वेगळे राहतात, आता लग्नात उरले काय’ असा युक्तिवाद पतीकडून होईल. लग्न पूर्णपणे मोडकळीला आले, हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. त्या आधारावर विवाह संपवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. शिल्पा शैलेश विरुद्ध वरुण श्रीनिवासन (२०२३) या निकालाने तो स्पष्ट केला. कौटुंबिक न्यायालयाने क्रूरतेचाच मुद्दा तपासायचा असतो.

एखादी महत्त्वाची गोष्ट लिहायची राहिली असे लक्षात आले तर साक्ष सुरू होण्यापूर्वीच आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज द्या. सुनावणी सुरू झाल्यावर ‘पुरेशी काळजी घेऊनही हे आधी मांडता आले नसते’ असे न्यायालयाला पटवावे लागते, आणि जी गोष्ट तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती तिच्याबाबत ते पटवणे फार अवघड जाते.